मदत हवी आहे: डीएसओ एका तिमाहीत ६४ वरून ९० वर गेला, बँकेला काय उत्तर द्यावे?

उद्यमबाग_मशिनशॉप
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमचे मशिनशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग घेऊन पंपांची हाउसिंग सीएनसीवर तयार करून देतो. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेने कागदपत्रे मागवली, त्यात आमचा डीएसओ, म्हणजे विक्रीचे पैसे यायला लागणारे सरासरी दिवस, सप्टेंबरअखेर ६४ दिवस होता आणि डिसेंबरअखेर ९० दिवस झाला असे निघाले. बँकेचे अधिकारी विचारतात की वसुली बिघडली आहे का. माझ्या मते बिघडलेली नाही. दोन्ही तिमाहींची विक्री सारखीच, ५४ लाख आहे, सर्व ग्राहक जुने आहेत आणि एकही रक्कम बुडालेली नाही. सोमवारी उत्तर द्यायचे आहे, तेव्हा हा आकडा खरोखर काही सांगतो की नुसता हिशेबाचा प्रकार आहे, एवढेच कृपया सांगावे.

शहापूरकर
भाऊ, आमचा शहापुरात साड्यांचा होलसेल व्यापार आहे, गोकाकपासून गडहिंग्लजपर्यंत माल जातो. आमच्याकडे दिवाळीचा माल संक्रांतीपर्यंत उधार राहतो, म्हणून हे आकडे पाहून घाबरण्यासारखे काही नाही. मी एकच उपाय केला आहे: दहा दिवसांत पैसे देणाऱ्याला बिलावर दोन टक्के सूट. निम्मे दुकानदार लगेच देऊ लागले. तुम्हीही सुरू करा, बँकेला उत्तर देण्याची वेळच येणार नाही.

निवृत्त_लेखापाल
उद्यमबागवाले साहेब, विक्री सारखी असूनही येणी वाढली असतील, तर आकड्याच्या आत पाहावेच लागेल. तीन गोष्टी कळवा. येण्यांची रक्कम किती, आणि ती जीएसटीसह आहे का? विक्रीचे ५४ लाख जीएसटी धरून की वगळून? ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या महिन्यांची विक्री वेगवेगळी किती? शिवाय ग्राहकांशी किती दिवसांची मुदत ठरली आहे, हेही आपण लिहिलेले नाही.

टिळकवाडी_४५
एवढ्या हिशेबाची गरजच नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा कायदा झाला आहे. न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही. उद्यम नोंदणी क्रमांक घालून सर्व ग्राहकांना नोटीस पाठवा, पंधरा दिवसांत पैसे जमा होतील.

निवृत्त_लेखापाल
टिळकवाडीकर, तरतूद आहे हे बरोबर, पण तिचा दाब डिसेंबरमध्ये बसत नाही. खरेदीदाराने उशिरा का होईना, ३१ मार्चच्या आत पैसे दिले, तर त्याच वर्षी त्याला खर्च मिळतो. त्यामुळे बरेच खरेदीदार मार्चअखेरीस हिशेब मिटवतात आणि मधले नऊ-दहा महिने उशीर करत राहतात. तरतूद ग्राहकाच्या करावर परिणाम करते. आपल्या खात्यात पैसे आणून टाकत नाही.

टिळकवाडी_४५
पण व्याज तर लागते ना? सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ लिहिले आहे.

निवृत्त_लेखापाल
लागते, आणि तो आपला हक्क आहे. मात्र जुन्या ग्राहकाकडून ते व्याज प्रत्यक्ष मागणारा पुरवठादार मला क्वचितच भेटला. मागितले की पुढची ऑर्डर दुसऱ्या शॉपला जाते, ही भीती प्रत्येकाला असते. आधी आकडे येऊ द्या.

उद्यमबाग_मशिनशॉप
येणी टॅलीत दिसतात तशी जीएसटीसह आहेत: सप्टेंबरअखेर ३७.५ लाख, डिसेंबरअखेर ५३.१ लाख. विक्री जीएसटी वगळून धरली आहे, दर सर्वत्र १८ टक्के. सप्टेंबरच्या तिमाहीत दरमहा १८ लाख विक्री होती. नंतर ऑक्टोबर १२, नोव्हेंबर १२ आणि डिसेंबर ३० लाख. मुदत सर्वांना ४५ दिवसांची. आता उत्तर मिळेल का? वेळ कमी आहे.

निवृत्त_लेखापाल
मिळेल, पण दोन पायऱ्यांनी.

पहिली पायरी अशी की येण्यांत कर आहे आणि विक्रीत नाही, त्यामुळे दोन्ही तिमाहींचा आकडा १८ टक्क्यांनी फुगला आहे. ३७.५ ला १.१८ ने भागले की ३१.८ लाख येतात. ते ५४ ने भागून तिमाहीच्या ९२ दिवसांनी गुणले की ५४ दिवस. डिसेंबरचे ५३.१ म्हणजे करविरहित ४५ लाख, त्याचे ७७ दिवस. म्हणजे खरा प्रवास ५४ ते ७७ असा आहे.

दुसरी पायरी. सबंध तिमाहीची सरासरी घेतली की डिसेंबरची ३० लाखांची विक्री जणू तीन महिन्यांत सारखी पसरलेली आहे असे मानले जाते. ती तशी नाही, त्यातील बहुतेक बिलांची मुदत अजून संपलेलीच नाही. म्हणून येण्यांतून मागे मागे महिने वजा करत जा. ४५ लाखांतून डिसेंबरचे ३० गेले, ३१ दिवस झाले. उरलेल्या १५ मधून नोव्हेंबरचे १२ गेले, आणखी ३० दिवस. उरले ३ लाख, ते ऑक्टोबरच्या १२ लाखांचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ८ दिवस. एकूण ६९. याच रीतीने सप्टेंबरअखेर ५४ च येतात, कारण तेव्हा विक्री दरमहा सारखी होती.

तेव्हा २६ दिवसांच्या वाढीतील ११ दिवस हिशेबाच्या रीतीचे आहेत. उरलेले १५ दिवस मात्र खरे आहेत. ते कोठून आले हे डीएसओ सांगू शकत नाही, कारण तो सर्व ग्राहकांची सरासरी आहे. त्यासाठी टॅलीतून बिलवार आणि ग्राहकवार थकबाकीची यादी काढा आणि १६ नोव्हेंबरपूर्वीची किती बिले उघडी आहेत ते पाहा; ४५ दिवसांच्या मुदतीने त्यांचे पैसे डिसेंबरअखेरपर्यंत यायला हवे होते.

शहापूरकर
माझ्या दोन टक्क्यांबद्दल कोणी बोलले नाही.

निवृत्त_लेखापाल
शहापूरकर, ४५ दिवसांचे पैसे दहाव्या दिवशी मिळावेत म्हणून दोन टक्के देणे म्हणजे ३५ दिवसांसाठी ९८ रुपयांवर २ रुपये मोजणे. वर्षाच्या हिशेबाने ते २१ टक्क्यांच्या वर जाते. सीसीचे व्याज त्यापेक्षा बरेच कमी असते. शिवाय वेळेवर देणारेच ती सूट घेतात, अडचणीत असलेला ग्राहक सूट दिली तरी देऊ शकत नाही.

शहापूरकर
व्याजाचा हिशेब मान्य आहे, पण साडीच्या धंद्यात बुडण्याची भीती व्याजापेक्षा मोठी असते. हातात आलेला रुपया तो आपला. मी सूट बंद करणार नाही. आमची उद्यम नोंदणी आहे, आम्हालाही ते ४५ दिवस लागू होतात का?

टिळकवाडी_४५
व्यापाऱ्यांची नोंदणी बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे. उशिराच्या पैशांची तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे.

उद्यमबाग_मशिनशॉप
यादी काढली. १६ नोव्हेंबरपूर्वीची उघडी बिले जीएसटीसह १२.३ लाखांची आहेत. त्यांतील ८.६ लाख पुण्याच्या एकाच पंप उत्पादकाकडे आहेत, उरलेली रक्कम कोल्हापूर आणि हुबळीच्या चार-पाच ग्राहकांत विभागलेली आहे. पण पुण्याचा ग्राहक आठ वर्षांपासूनचा आहे, पैसे थांबवलेले नाहीत. दर पंधरा दिवसांनी लाख-दोन लाख येतच असतात. बिले उघडी राहतात कारण त्यांच्या स्टोअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, उशिरा होते आणि ते ४५ दिवस जीआरएनपासून मोजतात.

निवृत्त_लेखापाल
आता चित्र स्पष्ट होते आहे. ते ८.६ लाख वेळेवर आले असते, तर मागे मोजण्याच्या रीतीने आपला आकडा ५० आला असता, म्हणजे सप्टेंबरपेक्षाही चांगला. सबंध वाढ एका ग्राहकाची आहे.

पूर्वी हा ग्राहक बिल क्रमांक देऊन पूर्ण रक्कम भरत होता का? आणि डिसेंबरची वाढीव विक्री कोणाला झाली?

उद्यमबाग_मशिनशॉप
दिवाळीपर्यंत बिलवारच भरत होते. आता गोल रक्कम येते आणि आम्ही ती खात्यावर जमा करून ठेवतो. डिसेंबरचा वाढीव मालही त्यांनाच गेला, सुमारे १४ लाखांचा. मोठी ऑर्डर होती.

निवृत्त_लेखापाल
मग १४ लाखांचे करासह साडेसोळा झाले आणि जुने ८.६. आपल्या ५३ लाखांपैकी सुमारे २५ लाख एका दारात आहेत. बिलवार पैसे थांबून गोल रकमा सुरू होणे, जीआरएनला उशीर होणे आणि त्याच वेळी ऑर्डर वाढणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मला काळजी वाटते. ज्याला इतर पुरवठादार उधार देईनासे होतात, तो उधार देणाऱ्याकडून अधिक माल घेतो. इथे तसेच आहे असे मी म्हणत नाही. त्यांचा माल खरोखर खपत असेल. पण यादीत दिसणारे हे बदल सप्टेंबरनंतरचे आहेत आणि ते जुन्या ओळखीने झाकले जाऊ नयेत.

बँकेचे एक लक्षात ठेवा. बहुतेक बँका ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. ऑक्टोबरची बिले जानेवारीतच ती मर्यादा ओलांडतील आणि आपल्याला उचलता येणारी रक्कम कमी होईल.

टिळकवाडी_४५
जीआरएनचे मात्र मी सांगतो. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. जीआरएन त्यांनी कधीही करावी, मुदत त्यावर अवलंबून राहत नाही. लॉरीच्या पावतीवर पोहोच घेऊन ठेवा. आणि या कायद्याखाली थकलेल्या पैशांसाठी अर्ज करायचा झाला, तर पुण्याला जावे लागत नाही. पुरवठादार जिथे आहे तिथल्या, म्हणजे कर्नाटकातल्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या परिषदेकडे तो चालतो.

निवृत्त_लेखापाल
हे टिळकवाडीकरांनी नेमके सांगितले. अर्ज मात्र शेवटचा मार्ग समजावा.

उद्यमबाग_मशिनशॉप
मग जानेवारीचा माल थांबवू का? साडेनऊ लाखांची हाउसिंग तयार आहेत, त्यांच्याच ड्रॉइंगची. दुसऱ्या कोणाला विकता येणार नाहीत.

निवृत्त_लेखापाल
एकदम थांबवू नका, ऑक्टोबरच्या एका बिलाच्या पूर्ण रकमेला एक खेप असा मेळ घाला. त्यासाठी आधी खात्यावर पडलेल्या रकमा कोणत्या बिलांच्या, हे त्यांच्या लेखा विभागाकडून लेखी घ्या, म्हणजे रिजेक्शनचे काही डेबिट नोट लपले असल्यास तेही बाहेर येईल.

टिळकवाडी_४५
माझे मत वेगळे आहे. माल तयार आहे तोवरच आपला जोर आहे. एकही खेप देऊ नका, सर्व जुने पैसे आधी.

उद्यमबाग_मशिनशॉप
आठ वर्षांचा ग्राहक आहे, तेवढे कठोर मला होता येणार नाही. बँकेला ५४ आणि ६९ हे दोन आकडे मागे मोजण्याच्या तक्त्यासह देतो, आणि पुण्याची थकबाकी वेगळी दाखवतो. बिलवार जुळवणीचे पत्र आज पाठवले आहे. उत्तर आले की इथे लिहीन.

शहापूरकर
उत्तरात त्यांनी तारीख दिली नाही, तर खेप देऊ नका एवढे माझेही मत.