भाच्याचा ल्युकेमिया उलटला: कार-टीला जायचं, की जुनी किमो आणि वडिलांचा मॅरो?

मामा, मानेवाडा
माझा भाचा 19 वर्षांचा. बी-सेल एएलएल होता, किमो संपून दीड वर्ष झालं होतं. मागच्या आठवड्यात पुन्हा ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी दिसल्या, मॅरोत 60 टक्के. नागपूरचे डॉक्टर म्हणतात कार-टीसाठी, म्हणजे त्याच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देण्याच्या उपचारासाठी मुंबईला दाखवून या. ताई तयार आहे. भाऊजी म्हणतात त्यात सायटोकाइनचं वादळ येतं, अंगात दाह वाढवणारी रसायनं एकदम उसळतात, पोरगा आयसीयूत जाईल, त्यापेक्षा जुनी किमो घेऊ आणि मग मी मॅरो देतो. घरात दोन तट पडले आहेत. तुम्ही काय म्हणता?

विनायक, खामला
मी तुमच्या भाऊजींच्या बाजूचा आहे, पण वादळामुळे नाही. माझा भाऊ 34 वर्षांचा होता. बेसा रोडचा प्लॉट विकला, कर्ज काढलं, त्याच्या पेशी काढून प्रयोगशाळेत गेल्या. त्या परत यायच्या आधी, तिसऱ्या आठवड्यात तो गेला. वादळ यायला आधी पेशी तर अंगात जायला हव्यात. तोवर रोग कसा दाबून ठेवायचा, हे आम्हाला त्या केंद्रात कुणी नीट बसून सांगितलं नाही. नंतर मी वाचत बसलो. मुलांवरच्या ज्या मोठ्या चाचणीतून हा उपचार जगभर गेला, तिच्यात 92 जणांची नावं नोंदली होती आणि पेशी प्रत्यक्षात मिळाल्या 75 जणांना. बाकीच्यांत कुणाच्या पेशी तयार झाल्या नाहीत, कुणी वाट पाहता पाहता गेलं. पेशी मिळाल्या त्यांच्यातल्या 81 टक्के मुलांचा रोग तीन महिन्यांत दिसेनासा झाला. पेपरात येतो तो हा आकडा. ते 17 जण कुणी छापत नाही.

मीनल, अफेरेसिस
विनायकदादा, वाचून वाईट वाटलं. आकडे तुमचे बरोबर आहेत, पण त्यांतून मी वेगळा अर्थ काढते. मी 11 वर्षं अफेरेसिसच्या यंत्राशेजारी बसते आहे. ज्यांच्या पेशी बनत नाहीत त्यांच्यात बरेचसे उशिरा आलेले असतात. आधी दोन-तीन किमो होतात, त्या फसल्या की मग पेशी काढायला पाठवतात. तोवर त्या टी-पेशी थकलेल्या असतात.

पेशी काढणं म्हणजे ऑपरेशन नाही. एका सुईतून रक्त बाहेर येतं, यंत्रात गरगर फिरून थरांत वेगळं होतं, पांढऱ्या पेशींचा मधला थर पिशवीत जातो आणि बाकीचं रक्त दुसऱ्या सुईतून परत जातं. 50 किलोच्या मुलाच्या अंगात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं. ते दोन-तीनदा यंत्रातून फिरवावं लागतं, म्हणून चार तास एका जागी पडून राहायचं. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. ते कॅल्शियम धरून ठेवतं, मग ओठांना मुंग्या येतात. मुलं लाजून सांगत नाहीत, म्हणून मी दर पंधरा मिनिटांनी विचारते आणि कॅल्शियम चालू करते. शेवटी हातात येते पातळ टोमॅटोच्या साराच्या रंगाची एक छोटी पिशवी.

प्रयोगशाळेत त्यातल्या टी-पेशी आधी जाग्या करतात. मग वाढू न शकणाऱ्या विषाणूच्या हातून त्यांच्यात एक जनुक घालतात. त्याने पेशीवर सीडी19 ओळखणारा हात उगवतो, आणि सीडी19 हा या ल्युकेमियाच्या पेशीवरचा बिल्ला आहे. मग आठ-दहा दिवस त्या वाढवायच्या. त्यानंतर जंतू नाहीत ना, जिवंत किती आहेत, हात किती जणींवर उगवला, याच्या तपासण्या. सगळं धरून तीन-चार आठवडे.

म्हणून मामा, पहिला प्रश्न वादळाचा नाही. भाच्याला डेक्सा सुरू केलंय का? स्टेरॉइडवर असताना काढलेल्या टी-पेशी कमी आणि मलूल निघतात, निदान तीन दिवस ते बंद असावं लागतं. किमोनंतर त्याहून जास्त थांबावं लागतं. मात्र स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. आजच डॉक्टरांना विचारा की पेशी आधी काढून मग किमो देता येईल का. काही केंद्रं पेशी गोठवून ठेवतात. मग किमो लागू पडली आणि भाऊजींचा मॅरोच द्यायचं ठरलं, तरी काही बिघडत नाही.

प्रा. देशपांडे, प्रतापनगर (निवृत्त)
मी 32 वर्षं जीवशास्त्र शिकवलं. या वादळाचा बाऊ फार होतो. ताप येणं म्हणजे पेशी कामाला लागल्याची खूण, तो उतरवायची घाई करू नये. टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन देतात, त्याने ताप उतरतो आणि उपचारही वाया जातो. शिवाय आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून बनवलेलं, ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळालेलं आपलं कार-टीचं औषध परदेशी औषधापेक्षा सौम्य आहे, त्यात वादळ येत नाही. पेशी दिल्या की चौथ्या दिवशी दुरांतोत बसून नागपूरला यावं, घरचं जेवण मिळेल.

एका मुलीचा बाबा, वर्धा रोड
सर, तुमचं वय आणि ज्ञान दोन्हींचा मान ठेवून सांगतो, ही शेवटची ओळ कृपा करून कुणाला सांगू नका. माझी मुलगी 22 वर्षांची. तिला हेच आपलं औषध दिलं. आधी तीन दिवस किमो दिली, ती नव्या पेशींना जागा करून द्यायला. मग ती पिशवी आली, दहा मिनिटांत संपली. एवढ्याशा पिशवीसाठी जन्माची कमाई गेली असं मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. दोन दिवस काही झालं नाही. आम्ही पत्ते खेळलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 39.4 ताप. आधी त्यांनी ब्लड कल्चर घेतलं आणि अँटिबायोटिक लावलं, कारण पांढऱ्या पेशी शून्याला आलेल्या होत्या आणि तो ताप जंतूंचाही असू शकत होता. नागपुरात असतो तर मी डेंग्यू समजून पॅरासिटामॉल दिलं असतं आणि सकाळची वाट पाहिली असती. रात्री अकराला बीपी 82 वर आलं. सलाइन भरभर सोडलं तरी 86 च्या वर जाईना, ऑक्सिजनही लावावा लागला. तेव्हा टोसिलिझुमॅब दिलं. पहाटे ताप उतरला, बीपी 104. पंचेचाळीस दिवसांनी मॅरो तपासला, रोग सापडला नाही. उपचार वाया गेला नाही, सर.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. नर्स तिच्याकडून रोज सकाळी एकच वाक्य लिहून घेत होत्या, "माझं घर नागपूरला आहे." मला वाटलं मन रमवायला. सहाव्या दिवशी तिने "माझं घर" लिहिलं आणि पुढे नुसती रेघ घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेली. ताप नव्हता, बीपी चांगलं होतं. 100 पासून दहा-दहा उलटे मोजायला सांगितले तर 80 वर अडकली. मेंदूवरचा परिणाम असा दबकत येतो. लगेच डेक्सामेथासोन सुरू केलं, दोन दिवसांत अक्षर परत आलं. तो कागद मी जपून ठेवलाय. चौथ्या दिवशी दुरांतोत बसलो असतो तर ही रेघ बडनेऱ्याच्या आसपास घसरली असती.

मीनल, अफेरेसिस
बाबांनी सांगितलं त्यात थोडी भर. सर, तापाबद्दल तुमचं अर्धं खरं आहे, पेशी वाढायला लागल्या की ताप येतोच. पण बीपी पाडणारं आयएल-6 नावाचं सायटोकाइन मुख्यतः त्या बदललेल्या टी-पेशी सोडत नाहीत, त्यांच्या धुमाकुळाने चेतलेल्या शरीरातल्या दुसऱ्या पेशी, मोनोसाइट आणि मॅक्रोफेज, सोडतात. टोसिलिझुमॅब आयएल-6 ची खुंटी अडवून धरतं, म्हणून टी-पेशींचं काम चालू राहतं. 2012 मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड ही लहान मुलगी या उपचारात मरणाच्या दारात पोचली होती. तिचं आयएल-6 प्रचंड वाढलेलं दिसलं, म्हणून सांधेदुखीचं हे औषध दिलं गेलं. ती वाचली आणि तिचा ल्युकेमियाही गेला.

आपलं औषध सौम्य आहे हेही बऱ्याच अंशी खरं, बहुतेकांना नुसता ताप येऊन जातो. पण सौम्य म्हणजे येतच नाही असं नव्हे. वादळ किती मोठं येईल हे अंगात रोग किती आहे त्यावर फार अवलंबून असतं. 60 टक्के ब्लास्ट घेऊन पेशी दिल्या तर जोरात येणार. म्हणूनच पेशी काढल्यावर, त्या तयार होईपर्यंत, मधली किमो देतात. विनायकदादांच्या भावाच्या बाबतीत नेमकं हेच कुणी समजावलं नाही.

आणि टोसिलिझुमॅबनंतर सीआरपी, म्हणजे जंतुसंसर्ग आणि दाह दाखवणारा रक्तातला आकडा, खाली येतो, आतून जंतू वाढत असले तरी. त्या आठवड्यात चांगला सीआरपी पाहून निर्धास्त होऊ नका.

सुनंदा, भंडारा
माझ्या मुलाला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी बदलून देतात म्हणजे त्यालाही हे होईल का? आमच्याकडे दोन घरं सोडून तिसऱ्या घरी सिकलसेल आहे.

मीनल, अफेरेसिस
सुनंदाताई, हे नाही होणार. इथे मारणाऱ्या टी-पेशी बदलतात. सिकलसेलमध्ये रक्त बनवणाऱ्या मूळ पेशीच दुरुस्त कराव्या लागतात. तसा उपचार 2023 च्या शेवटी परदेशात मंजूर झाला, पण तो अगदी वेगळा आहे. मुलाचं हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे ना? त्यावर वेगळं बोलू.

विनायक, खामला
पेशी आधी काढून ठेवायच्या, हे मला पटलं. आम्हाला हे एक वाक्य कळलं असतं तर. पण पुढचं पटत नाही. त्याच मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर रोग न उलटता राहिलेले जवळपास निम्मेच होते. काहींत ल्युकेमियाने तो सीडी19 चा बिल्लाच टाकून दिला, मग बदललेल्या पेशी काय ओळखणार? म्हणजे 30-40 लाख घालून शेवटी ट्रान्सप्लांट लागणारच असेल, तर भाऊजी म्हणून राहिले ते काय चूक आहे?

एका मुलीचा बाबा, वर्धा रोड
भाऊ, याचं उत्तर आमच्याकडेही नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं रोग गेलाय तोवर ट्रान्सप्लांट करून घ्या, दुसऱ्यांनी सांगितलं तिच्या निरोगी बी-पेशी अजून उगवल्या नाहीत, म्हणजे बदललेल्या पेशी राखण करतायत, थांबा. आम्ही थांबलो. नऊ महिने झाले. बी-पेशी नाहीत म्हणून अँटिबॉडीचं इंजेक्शन महिन्याला बाहेरून द्यावं लागतं, तो खर्च मूळ हिशोबात कुणी धरत नाही. पण किमोने रोग खाली आलाच नाही, तर भाऊजींचा मॅरो देणार कशावर? आमचं तेच झालं होतं.

मामा, मानेवाडा
डेक्सा कालपासून सुरू आहे. आत्ता डॉक्टरांना फोन केला, मुंबईशी बोलून सकाळी सांगतो म्हणाले. भाऊजींनी सगळं वाचलं, पेशी काढायला हरकत नाही म्हणाले, पुढचं पुढे. आजचा रिपोर्ट: पांढऱ्या पेशी 14,000, लिम्फोसाइट 71 टक्के. म्हणजे टी-पेशी भरपूर आहेत ना?

मीनल, अफेरेसिस
नाही मामा. हे मोजमाप यंत्राचं आहे, आणि यंत्र पुष्कळदा ब्लास्टना लिम्फोसाइट समजून मोजतं. त्या 71 टक्क्यांत खरे लिम्फोसाइट किती ते यावरून कळत नाही. पॅथॉलॉजिस्टना स्लाइड डोळ्यांनी पाहायला सांगा आणि फ्लो सायटोमेट्रीने सीडी3 ची, म्हणजे खऱ्या टी-पेशींची मोजणी मागा. रक्त सकाळी डेक्साचा पुढचा डोस जाण्याआधी द्या. तो आकडा हातात असेल तरच मुंबईवाले पेशी काढायची तारीख ठरवू शकतील.