फसवणुकीचा करार 'व्हॉइड' लिहिला आणि शून्य गुण. पटतं का?

मृणाल: काँट्रॅक्टच्या पेपरात प्रश्न होता: विक्रेत्याने मीटर मागे फिरवून ९० हजार किलोमीटर चाललेली गाडी ३५ हजार चाललेली म्हणून विकली, तर करार कसा? मी व्हॉइड, म्हणजे मुळातच रद्द, असं लिहिलं. फ्रॉडवर उभा असलेला करार टिकणार कसा? पाचपैकी शून्य मिळाले.

शेवगावकर: निव्वळ पुस्तकीपणा. गिऱ्हाईक कोर्टात गेलं की करार रद्दच होणार. मग व्हॉइड म्हणा नाहीतर व्हॉइडेबल, म्हणजे फसलेल्याने मोडला तरच रद्द, निकाल एकच.

वकीलसाहेब: आणि गिऱ्हाईक गेलंच नाही तर? समजा गाडी चार लाखांना घेतली आणि खरी किंमत तीन. करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हा करार व्हॉइडेबल, म्हणून त्याला गाडी ठेवून वरच्या लाखाची भरपाई मागता येते. नको असेल तर करार मोडून गाडी परत द्यायची, पैसे परत घ्यायचे. व्हॉइड म्हटलंत तर उद्या जुन्या गाड्यांचे भाव चढल्यावर तो लबाड विक्रेताच दारात येईल, "करार मुळात झालाच नव्हता, गाडी द्या माझी." ही मुभा फसवणाऱ्याला द्यायची?

आता उलटं बघा. खरेदीदाराने बोगस डिमांड ड्राफ्ट देऊन गाडी नेली आणि तुम्ही करार मोडण्याआधीच ती एखाद्या प्रामाणिक माणसाला विकली. मालविक्री कायद्याच्या कलम २९ मुळे गाडी त्या तिसऱ्याची होते. करार व्हॉइड असता तर बिचाऱ्याच्या हातून ती गेलीच असती. निकाल एकच कुठे राहिला, शेवगावकर?

तात्या: आमच्या मामांचा अंगठा गहाणखत सांगून घेतला, निघालं खरेदीखत. बारा वर्षं झाली. हेही व्हॉइडेबलच का? म्हणजे मुदत संपली?

वकीलसाहेब: तात्या, तुमचं प्रकरण वेगळं. १९६८ च्या निंगव्वा खटल्यात सुप्रीम कोर्टाने हाच फरक केला. दस्त कसला आहे हेच खोटं सांगितलं तर तो व्हॉइड. दस्त बक्षीसपत्राचाच, पण आत न सांगितलेल्या जमिनी घुसडल्या, तर व्हॉइडेबल, आणि तो रद्द करून घ्यायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. मामांना नेमकं काय सांगितलं होतं, ते साक्षीपुराव्यात ठरेल. जमिनीचा ताबा कोणाकडे आहे?

तात्या: ताबा आमचाच. सातबारावर नाव त्यांचं.

वकीलसाहेब: मग कागद घेऊन तालुक्याच्या वकिलाला गाठा, इथे नको.

शेवगावकर: म्हणजे फ्रॉड असूनही कधी कधी व्हॉइड असतंच! मग पोरीला शून्य कशाला?

वकीलसाहेब: गाडी विकतोय, गाडीच घेतोय, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. खोटं फक्त मीटरचं. तरी फसवणूक म्हणजे काय ते सांगणारं कलम १७ नीट लावलं असेल तर मी दोन गुण दिले असते.

मृणाल: १७ लावलंय, १९ चं नावही नाही.

शेवगावकर: तरी रिचेकिंगला टाक.