केळीच्या बागेत रडार आंधळं होतं

> यावलकडे बोअर खोल खोल चाललेत. जमीन खचतेय का, हे उपग्रहाला बागेवरून कळेल का?

बागेवरून नाही, घरांच्या छपरांवरून कळेल. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची लहर साधारण ५.६ सेंमीची. उपग्रह १२ दिवसांनी त्याच वाटेने येतो आणि परतलेल्या लहरीची कला, म्हणजे ती चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, आधीच्या फेरीशी ताडून बघतात. लहर जाते-येते, म्हणून कलेचं एक पूर्ण चक्र म्हणजे २.८ सेंमी सरकणं. केळीचं पान मात्र वाऱ्याने हलतं, फाटतं. कला जुळतच नाही. छपरं, विजेचे टॉवर, रेल्वे स्टेशन जागचे हलत नाहीत, त्यामुळे बरीच वर्षं जोडली की वर्षाला काही मिलिमीटरही दिसतात. एकटं घर पायामुळेही खचतं, म्हणून आजूबाजूची चार बघावी.

खरी गोम संदर्भबिंदूत, म्हणजे स्थिर धरून ज्याच्याशी बाकी सगळं मोजतात त्या बिंदूत. तो तापीच्या गाळावर धरला तर तोच खचत असेल. सातपुड्याच्या खडकावर धरा. एका उन्हाळ्यावरून निकाल नको: पावसानंतर जमीन थोडी वर येते, पण चिकणमातीचे थर एकदा पक्के दबले की पाणी भरूनही पूर्ववत होत नाहीत.

तोवर शेतातल्या जुन्या खोल बोअरचा केसिंग पाईप बघा. ओटा खाली बसून पाईप वर आल्यासारखा वाटतो का? (माती वाहून गेली नाही ना, तेही तपासा.)