मदत हवी आहे: लिंक्डइनवर रील आधी ठेवू की केस स्टडी?

मी मालवणात व्हिडिओ एडिटिंग करतो. स्कुबावाल्यांचं पाण्याखालचं फुटेज हे माझं मुख्य काम. आता पुण्या-मुंबईच्या एजन्सींकडून घरबसल्या एडिटिंगचं काम हवंय, म्हणून लिंक्डइनचा फीचर्ड विभाग नीट करतोय.

आधी तिथे तीन उभ्या रील्सच्या लिंक टाकल्या. कार्ड आडवं असल्याने कव्हरमध्ये डोकी कापली गेली, आणि रील पाहून शूटिंग कुणाचं, एडिटिंग कुणाचं हेच कळेना. दोघांनी तर "कॅमेरा कोणता?" असंच विचारलं! म्हणून आता एका कामाच्या केस स्टडीची चार पानांची पीडीएफ केलीय. खोल पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होतो, त्यामुळे मूळ फ्रेम हिरवी-निळी दिसते. तीच फ्रेम रंगदुरुस्तीनंतर शेजारी ठेवली, खाली ४० मिनिटांच्या फुटेजमधून ४५ सेकंद कसे निवडले ते लिहिलं. माझं खरं काम मला इथेच दिसतं.

अडचण अशी की क्लायंटची लेखी परवानगी फक्त तयार व्हिडिओपुरती आहे, आणि मूळ फ्रेममध्ये पर्यटकांचे चेहरे दिसतात. वेबसाइटचा खर्च सध्या नको.

एजन्सीत एडिटर निवडणाऱ्यांनी सांगावं: पहिलं कार्ड पीडीएफचं ठेवू की आडव्या शोरीलचं? आणि चेहरे ब्लर केले तरी मूळ फ्रेमसाठी वेगळी परवानगी घ्यावी का?