नऊ बाय दहाची बेडरूम: बॉक्सचा बेड की साधा पलंग?

कांदिवलीची सून: पहिला मजला, बेडरूम नऊ बाय दहा. दहा फुटांच्या एका भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट फिक्स आहे. पाच बाय साडेसहाचा बेड घ्यायचाय. ह्यांना बॉक्सचा हवा, सासूबाई म्हणतात साधा पलंग घ्या, खालून झाडू फिरला पाहिजे. कोणाचं ऐकू?

ठाण्याचा समीर: बॉक्सच घ्या हो. मुंबईत पलंगाखालची जागा मोकळी सोडणं म्हणजे भाडं भरून हवा ठेवणं. मरीन प्लायचा करून घ्या, मग बुरशीबिरशीचा प्रश्नच नाही.

परळ सुतारकाम: समीरभाऊ, मरीन प्लाय पाण्याने लवकर सुटत नाही, तेवढं खरं. पण बुरशी प्लायपेक्षा आत ठेवलेल्या गोधडीला, चामड्याच्या पट्ट्याला आणि धुळीला धरते. बंद खोक्यात पावसाळाभर हवा हलत नाही, त्याला प्लाय काय करणार?

ताई, आधी माप बघा. नऊ फूट म्हणजे १०८ इंच. कपाटाचे २४ गेले, उरले ८४. गादी ६० इंचांची, पण बॉक्सच्या कडा धरून बेड साधारण ६३ होतो. बेड समोरच्या भिंतीला अगदी चिकटवला तरी कपाट आणि बेडमध्ये २१ इंचच. त्यामुळे बाजूचे ड्रॉवर विसरा, ते पुरते ओढायलाच दोन फूट लागतात. पायाकडून वर उचलणारा हायड्रॉलिक बसेल, कारण तिकडे तीन फूट मोकळे राहतात. खोलीचं दार आत उघडत असेल तर ते लावून घेऊनच बेड उचलायचा.

आता सांगा, समोरची भिंत बाहेरची आहे का? आणि कपाटाचं एक दार किती रुंद?

गिरगावची मावशी: आमच्याकडे बिनपंपाचा बॉक्स आहे. गादी काथ्याची. ती उचलायची, मग फळी काढायची. माझे गुडघे हे असे, त्यामुळे गणपतीचं मखर काढायला दरवर्षी पुतण्याची वाट बघते. बाकी वर्षभर आत काय आहे ते देवाला ठाऊक. सासूबाईंचं ऐक गं.

डोंबिवलीकर: बेडचं सोडा, दारावर माळा काढा. आमच्या सगळ्या बॅगा वरच असतात.

कांदिवलीची सून: दादा, माळा आहे, आणि तो भरलेलाय! @परळ सुतारकाम, समोरची भिंत बाहेरचीच, पश्चिमेची. जुलैत खालच्या बाजूला रंग फुगतो. कपाटाचं दार १९ इंच.

परळ सुतारकाम: मग बेड तिथे चिकटवायचा नाही, तीन इंच सोडायचे. पण सोडले की कपाटासमोर १८ उरतात आणि १९चं दार बेडला अडकतं. खरी अडचण इथेच आहे. साधा पलंगही ६२च्या आसपास होतो, त्यानेही सुटका नाही. एक तर कपाटाला सरकती दारं लावा, नाहीतर साडेचार फुटी गादी घ्या.

भिंतीचं एक करून बघा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला ओल दिसली तर पाणी भिंतीतूनच येतंय. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर खोलीतली हवा दमट आहे. पहिलं निघालं तर बाहेरून दुरुस्ती होईपर्यंत मी बॉक्स करून देणार नाही. दुसरं असेल तर चालेल, फक्त गादीखालच्या फळीला इंचाची भोकं पाडून घ्या आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की बॉक्स तासभर उघडा ठेवा.

ठाण्याचा समीर: बरं, भोकांचं मान्य. पण साध्या पलंगाखाली तरी लोक काय ठेवतात? बॅगाच ना? मग धूळ, झुरळं आणि त्यातून झाडू कुठे फिरतोय?

परळ सुतारकाम: तेही खरंय. फरक एवढाच की बॅग ओढली की खालची ओल दिसते. बॉक्सच्या तळाशी लादी पुसायचं पाणी रोज लागतं आणि खालची फळी फुगेपर्यंत कळत नाही. म्हणून बॉक्सला दोन इंची पाय लावून घ्या.

आणि हायड्रॉलिक घेताना दुकानात आपल्या गादीचं वजन सांगा. पंप त्या वजनाचे लागतात. काथ्याची जड गादी टाकली आणि पंप कमी ताकदीचे असले तर अर्ध्यावर सोडताच फळी खाली येते. उलट फोमची हलकी गादी आणि पंप जोरदार, तर बेड नीट बंदच होत नाही. अर्ध्यावर हात काढून बघा. आणि लहान मुलाला एकट्याने आत वाकू देऊ नका.

गिरगावची मावशी: पंप म्हातारे झाले की?

परळ सुतारकाम: बदलता येतात, मावशी. फक्त जोडी एकदम बदला.

कांदिवलीची सून: प्लास्टिक आज लावलंय. साडेचार फुटी गादी म्हटल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. सरकत्या दारांचा खर्च कोण विचारतंय?