मदत हवी आहे: एपिस्टेमॉलॉजी म्हणजे नेमकं काय?

पदवीच्या पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान घेतलंय. एपिस्टेमॉलॉजी, म्हणजे ज्ञानमीमांसा, 'मला हे माहीत आहे' असं केव्हा म्हणता येतं ते तपासते, इथवर कळलं. ज्ञानाच्या तीन अटीही पटल्या: गोष्ट खरी हवी, तिच्यावर आपला विश्वास हवा आणि त्याला सबळ कारण हवं.

पण या अटी पुरत नाहीत असं तत्त्वज्ञ एडमंड गेटियरने १९६३ मध्ये दाखवलं, तिथे अडकले. समजा, घड्याळ काल रात्री साडेदहाला बंद पडलं आणि आज सकाळी नेमकं साडेदहालाच मी ते पाहिलं. तिन्ही अटी पूर्ण (घड्याळ एरवी बिनचूक चालतं, हे कारण!), तरी हा निव्वळ योगायोग.

मग 'कारण चुकीच्या गृहीतावर उभं नको' ही चौथी अट पुरेल का? की तिलाही तोड आहे? कुणी उदाहरण देऊन समजावेल का?