शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक : मतदान छान होतं, पुढे काय? (सल्ला हवा)

बाभूळबन

जि.प. शाळा, पाचवी ते सातवी, पट 43. माझ्याकडे भाषा आणि इतिहास-नागरिकशास्त्र. दरवर्षी जुलैमध्ये मंत्रिमंडळ निवडतो. गेल्या वर्षी मोबाइलवरचं मतदान यंत्राचं अॅप वापरलं, बोटाला स्केचपेन लावलं, फोटो गटावर टाकले, सगळे खूश.

आता जे खटकलं ते सांगतो. शाळेत दोन वस्त्यांची मुलं येतात, गावठाणातली 24 आणि वरच्या वाडीतली 19. तिघे उभे होते. त्यातल्या मुलीने आदल्या दिवशी माघार घेतली. उरलेल्या दोघांत निकाल लागला 24 विरुद्ध 19. एक मतही इकडचं तिकडे नाही. निवडून आलेल्याने चिंचेच्या गोळ्या वाटल्या होत्या हे मला नंतर कळलं. पुढे मुख्यमंत्री परिपाठाला रांगा लावत राहिला, आरोग्यमंत्री नखं तपासत राहिली आणि दिवाळीनंतर कोण कोणत्या खात्याचं हे मलाही आठवेना.

सातवीला संविधान शिकवताना हे प्रकरण उपयोगी पडायला हवं होतं, उलट अडचणीचं झालं. दोन आठवडे हातात आहेत. कोणी वेगळं काही केलंय का?

ठाम_मत

सोपं आहे. नोटा ठेवा. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची, कायदाच आहे तसा. गोळ्या वाटणारा आपोआप सरळ होईल. आणि अॅप सोडू नका, निकाल एका मिनिटात लागतो.

अनुजाची_आई

मी शिक्षिका नाही, पण आमच्या घरी यावरून महिनाभर अबोला होता म्हणून लिहिते. मुलीच्या वर्गात मॉनिटर हात वर करून निवडला. हिची जिवलग मैत्रीण उभी होती आणि हिने हात दुसरीसाठी वर केला, कारण ती खरंच नीट काम करते. झालं, डबा एकटीने खायचा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "वेळ वाचतो." कृपा करून हात वर करून घेऊ नका.

बाभूळबन

ताई, हात वर करून नाही घेत, पण तुमचा मुद्दा वेगळ्या वाटेने आमच्याकडेही आहे. कोणी कोणाला मत दिलं हे वस्तीवरूनच कळतं.

जुना_केंद्रप्रमुख

नोकरीत असताना निवडणुकीची ड्युटी इतक्या वेळा केली की मोजणं सोडलं. तुमचं दुखणं मतदानाच्या दिवशी नाही, त्याच्या आधी आणि नंतर आहे.

आधी नोटाचं. ठाम_मत यांचं अर्धं बरोबर आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये महापालिका-नगरपालिकांसाठी तसा आदेश काढला. लोकसभा-विधानसभेला मात्र नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांत ज्याला जास्त तो निवडून येतो. मुलांना दोन्ही सांगा, मग तुमच्या शाळेत कोणता नियम हवा हे त्यांनाच निवडणुकीआधी ठरवू द्या. निकालानंतर ठरवायला बसलात तर भांडण होणार.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही 43 जणांना थेट मुख्यमंत्री निवडायला लावता. आपल्याकडे मुख्यमंत्री असा निवडला जात नाही. लोक आमदार निवडतात, ज्याच्यामागे आमदारांचं बहुमत तो मुख्यमंत्री होतो. आठवीच्या पुस्तकात संसदीय पद्धत येते तेव्हा मुलं गोंधळतात, कारण शाळेतल्या निवडणुकीने त्यांना आधीच वेगळं शिकवलेलं असतं.

म्हणून पाच मतदारसंघ करा. वस्तीवर नको, हजेरी क्रमांकावर. पहिले नऊ, पुढचे नऊ, त्यापुढचे नऊ, मग आठ आणि आठ. दोन्ही वस्त्या आपसूक मिसळतील. आठाहून लहान करू नका. सहा मतदारांत सहाही मतं एकालाच गेली की कोणी काय केलं ते उघड, मग गुप्त मतदानाला अर्थ काय? आणि हे करण्याआधी एक तास फळ्यावर खेळून बघा. तीच 43 मुलं एकदा वस्तीने वाटायची, एकदा हजेरीने, एकदा बाकांच्या रांगेने. कोणत्या वाटणीत कोणाच्या किती जागा येतात ते मुलांनीच मोजायचं. सीमा कुठे आखली यावर निकाल फिरतो हे बारा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं.

उमेदवारी अर्जाला सूचक लागतो. तुमचा नियम असा करा की सूचक दुसऱ्या वस्तीतला हवा. ज्याला पलीकडचा एकही मित्र नाही त्याला आधी तो करावा लागेल.

मुलगी माघार का घेते ते तिला एकटीला विचारा. मी तर पाचातल्या तीन जागा मुलींसाठी राखून ठेवायचो. कोणत्या तीन, ते चिठ्ठी टाकून, आणि चिठ्ठी सगळ्यात लहान पोराच्या हातून. सरपंचपदाची सोडत गावाने पाहिलेली असते, मुलांना ते ओळखीचं वाटतं.

ठाम_मत

नोटाचं मान्य, मला फक्त नगरपालिकेचं माहीत होतं. पण लहान मुलांत आरक्षण कशाला? नको त्या वयात नको ते डोक्यात भरतं.

जुना_केंद्रप्रमुख

डोक्यात आधीच भरलेलं आहे, म्हणून तर तिने माघार घेतली. असो, यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही.

फळा_खडू

मी अॅपच्या विरोधात. चार वर्षं अॅप, यंदा कागद. अॅपमध्ये आकडा येतो आणि मुलं टाळ्या वाजवतात, संपलं. कागदावर बाद मत काय असतं ते कळतं. आमच्याकडे एकाने फुली बरोबर दोन नावांच्या मधल्या रेघेवर मारली होती. ती कोणाची, यावर वर्गाने पंधरा मिनिटं घातली. तो माझा त्या वर्षीचा सगळ्यात चांगला तास.

पण कागदाला शिस्त लागते. यादीत नाव वाचून खूण करणारा एक, शाई लावून सही घेणारा दुसरा, मतपत्रिका देणारा तिसरा. मतपत्रिकेच्या मागे शिक्षकाची सही हवीच. मोजायच्या आधी सह्या किती आणि पेटीतले कागद किती ते जुळवायचं. जुळलं नाही तर तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही.

बाभूळबन

पाच मतदारसंघ पटले. कागदही. पण निवडून आल्यावर काय? रांगाच लावायच्या ना शेवटी?

जुना_केंद्रप्रमुख

त्यांच्या हातात काहीतरी खरं द्या, छोटं चालेल. थोडे पैसे, खेळाच्या साहित्याचं कपाट, एका तासिकेचं नियोजन. ज्यावर तुम्ही शब्द फिरवणार नाही एवढंच द्या. निर्णय त्यांचा म्हणायचं आणि आवडला नाही की बदलायचा, त्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

पाच जणांनी आपला नेता निवडायचा, त्याने दोन मंत्री घ्यायचे, उरलेले दोघे समोर बसणार. शनिवारी अर्धा तास प्रश्नोत्तरं. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तुम्ही सोमवार ठेवा. बाकीच्या 38 जणांनी आपल्या प्रतिनिधीकडे लेखी प्रश्न द्यायचा. आठवड्याला तीनच प्रश्न तोंडी उत्तराला, बाकीच्यांचं उत्तर लिहून भिंतीवर. उत्तर झालं की उपप्रश्न विचारू द्या. खरी गंमत उपप्रश्नात असते, कारण मंत्री पाठ करून आलेला असतो.

आचारसंहिता तुम्ही सांभाळू नका. उमेदवार नसलेल्या तिघांचा आयोग करा, गोळ्यांचं ते बघतील.

बाभूळबन

*तीन आठवड्यांनी*

झालं एकदाचं. सगळं सांगत नाही, जे अडलं ते सांगतो.

गोळ्या नाही, यंदा बोरं निघाली. आयोगाने त्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "मी रोजच वाटतो." साक्षीदार आले आणि खरंच तो रोज वाटत होता! आयोगाने ठरवलं की मतदान संपेपर्यंत कोणीच कोणाला खाऊ द्यायचा नाही. दोन दिवस डबेसुद्धा भिंतीकडे तोंड करून खाल्ले गेले, जरा अतिच झालं.

तिसऱ्या मतदारसंघात सह्या 9 आणि पेटीत कागद 10. फळा_खडू, तुमचं वाचलं नसतं तर मी पुढे मोजलं असतं. एका कागदामागे माझी सही नव्हती, तो बाद केला, आकडा जुळला. कोणाचा ते शोधलं नाही. आतल्या मताचा माग काढायचा नाही असं मुलांनीच सांगितलं.

चौथ्यात आठ मतं, 3-3-2. चिठ्ठी टाकली. हरलेल्या मुलाने विचारलं, "मोठ्या निवडणुकीतपण असंच?" हो म्हटलं, समान मतं पडली तर कायद्यात चिठ्ठीच आहे. त्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही.

पहिल्यात 4-3-2. लगेच प्रश्न आला, "सर, नऊतल्या पाच जणांनी तिला मत दिलंच नाही, मग ती सगळ्यांची कशी?" यावर अजून वाद चालू आहे. दोन फेऱ्या घ्याव्यात असा एका गटाचा आग्रह आहे, पुढच्या वर्षी बघू.

नेता 3 विरुद्ध 2 ने निवडला. वाडीतली मुलगी, आणि तिला मत देणारे दोघे गावठाणातले. गेल्या वर्षी माघार घेतलेली तीच.

पहिल्या शनिवारचा प्रश्न, "मधल्या सुट्टीत चेंडू फक्त सातवीकडेच का असतो?" क्रीडामंत्री उठला, "कारण कपाट सातवीच्या वर्गात आहे." उपप्रश्न, "किल्ली कोणाकडे असते?" मंत्र्याने माझ्याकडे पाहिलं. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. आता ती रोज वेगळ्या इयत्तेकडे जाते, वेळापत्रक दारावर लावलंय.

आणि आता एक गोष्ट अडली आहे. सहावीतल्या मुलीचा प्रश्न होता, मुलींच्या शौचालयाच्या नळाला दुपारनंतर पाणी का नसतं. वरिष्ठांनी तो यादीतून काढायला सांगितलं, "ग्रामपंचायतीपर्यंत जाईल" म्हणून. मुलीने कालपासून दोनदा विचारलंय. काय सांगू?

ठाम_मत

सरळ विचारू द्या. घाबरायचं काय त्यात?

फळा_खडू

बोलणं सोपं आहे हो, बदलीचा अर्ज तुम्हाला करायचा नाही.

जुना_केंद्रप्रमुख

प्रश्न नाकारण्याचा अधिकार लोकसभेच्या अध्यक्षांनाही असतो, पण तो नियमावर बोट ठेवून. तेव्हा तिला कारण लिहून द्या. "हा विषय मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत नाही, शाळा व्यवस्थापन समितीच्या आहे", हे खरंही आहे. आणि समितीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो प्रश्न तिच्याच शब्दांत घ्या. तुमच्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधी आहेत ना? मग त्यांनी वाचायचा. तो तिथेही कापला गेला तर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

बाभूळबन

सभा 28 तारखेला आहे. चिठ्ठी आज लिहून दिली. तिने वाचली, घडी घालून दप्तरात ठेवली आणि विचारलं, "सभेत मी बसू शकते का?"